टिक चार्ट, व्हॉल्यूम बार की पाच मिनिटांची कँडल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दिवसभर पडद्यासमोर बसून भरपूर उलाढालीच्या शेअरमध्ये इंट्राडे करणाऱ्यांकडून आलेले आहेत. एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली गेली असेल तर ते प्रश्न एकत्र केले आहेत. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. टिक चार्ट आणि व्हॉल्यूम बार म्हणजे नेमकं काय?

फरक एवढाच की बार कधी बंद करायचा हे कोण ठरवतं. पाच मिनिटांची कँडल घड्याळ बंद करतं. त्या पाच मिनिटांत दहा सौदे झाले काय आणि दहा हजार झाले काय, कँडल एकच. टिक चार्टवर ठरावीक संख्येचे सौदे झाले की बार बंद होतो, उदाहरणार्थ दर २,००० सौद्यांनी एक. व्हॉल्यूम बारमध्ये सौदे मोजायचे नाहीत, हातबदल झालेले शेअर मोजायचे. दर १ लाख शेअरला एक बार म्हटलं, तर ते लाख शेअर दीड मिनिटात गेले की दहा मिनिटांत, बारला त्याच्याशी देणंघेणं नाही. बाकी ओपन, हाय, लो, क्लोज हे सगळं नेहमीसारखंच.

२. पाच मिनिटांच्या कँडलमध्ये सगळं दिसतंच की! वेगळं मोजायची गरज काय?

एक कल्पित शेअर घेऊ. तो पुढच्या उत्तरांतही वापरणार आहे, म्हणून आकडे सोपे ठेवले आहेत. सत्र सहा तासांचं, ९ ते ३. दिवसाला साधारण ७२ लाख शेअरची उलाढाल आणि १ लाख ४४ हजार सौदे. पाच मिनिटांच्या कँडल होतात ७२, आणि १ लाखाचा व्हॉल्यूम बार लावला तर तेही ७२. म्हणजे बारची संख्या सारखीच, त्यामुळे तुलना सरळ करता येते.

आता उलाढाल दिवसभरात कशी पसरते ते बघा. पहिल्या अर्ध्या तासात १८ लाख शेअर गेले, १२ ते २ या मंद वेळेत १२ लाख, शेवटच्या अर्ध्या तासात १२ लाख आणि उरलेल्या तीन तासांत ३० लाख. सकाळच्या अर्ध्या तासाला पाच मिनिटांच्या चार्टवर फक्त ६ कँडल मिळतात, व्हॉल्यूम चार्टवर १८ बार. दुपारच्या दोन तासांना घड्याळ २४ कँडल देतं, व्हॉल्यूम फक्त १२. दिवसाचा एक चतुर्थांश व्यवहार घड्याळाने सहा कँडलमध्ये कोंबला आणि एक षष्ठांश व्यवहार चोवीस कँडलवर ताणून पसरवला. दुपारच्या बारीक, एकमेकींवर चढलेल्या कँडलमध्ये जे ‘पॅटर्न’ दिसतात, त्यातले बरेच या ताणण्यातून आलेले असतात.

कल्पना नवी नाही. भाव घड्याळाऐवजी सौद्यांच्या संख्येने मोजले तर त्यांतले बदल अधिक नियमित दिसतात, अशी मांडणी मँडेलब्रॉट आणि टेलर यांनी १९६७ मध्ये केली. १९७३ मध्ये क्लार्क यांनी कापसाच्या वायद्यांच्या भावांवर व्हॉल्यूमला घड्याळ मानून अशीच मांडणी केली. सौदे मोजावेत की व्हॉल्यूम, यावर अभ्यासकांचं पुढेही एकमत झालेलं नाही. पण बदल अधिक नियमित दिसतात याचा अर्थ भाव कुठे जाणार ते कळतं असा नाही. त्या मांडणीतून दिशा कधीच निघत नव्हती.

३. माझ्या चार्टवरचा एक ‘टिक’ म्हणजे एक सौदा, बरोबर ना?

बहुतेक वेळा नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

‘टिक’ या शब्दाचे निदान तीन अर्थ चालतात. एक, भावातली किमान हालचाल. तिचा इथे संबंध नाही. दोन, एक्सचेंजवर झालेला प्रत्येक सौदा. टिक चार्टला हाच अभिप्रेत आहे. तीन, ब्रोकरकडून तुमच्या पडद्यापर्यंत आलेला प्रत्येक अपडेट. घोळ या तिसऱ्यामुळे होतो. पुष्कळ किरकोळ फीड प्रत्येक सौदा पाठवत नाहीत. ते सेकंदातून एकदा किंवा काही वेळा बाजाराचा फोटो काढतात आणि तो पाठवतात: शेवटचा भाव, आतापर्यंतचा एकूण व्हॉल्यूम वगैरे. दोन फोटोंच्या मध्ये चाळीस सौदे झाले असतील तरी तुमच्याकडे एकच ‘टिक’ पोचतो.

समजा फीड सेकंदाला जास्तीत जास्त २ अपडेट देतं आणि तुम्ही ६०० टिकचा चार्ट लावला. गजबजलेल्या शेअरमध्ये प्रत्येक फोटोत काही ना काही बदललेलं असतंच, म्हणजे सेकंदाला पूर्ण २ टिक येतात. ६०० भागिले २ म्हणजे ३०० सेकंद. तुमचा टिक चार्ट म्हणजे वेश बदललेली पाच मिनिटांची कँडल! गंमत अशी की शेअर जितका गजबजलेला, तितका हा वेश पक्का. मी स्वतः कित्येक महिने असा चार्ट लावून बसलो होतो. सकाळचे बार दुपारपेक्षा भराभर का होत नाहीत, हा प्रश्न तेवढ्या काळात एकदाही मला पडला नाही.

व्हॉल्यूम बारला हा दोष इतका बाधत नाही. फोटोत एकूण व्हॉल्यूमचा आकडा असतो, त्यामुळे दोन फोटोंतली वजाबाकी केली की मधल्या सगळ्या सौद्यांचे शेअर हिशेबात येतात. निसटतात ते मधले भाव. दोन फोटोंच्या मध्ये एखादा सौदा वरच्या भावाला होऊन गेला तर तो हाय तुमच्या बारमध्ये येणार नाही. क्लोजमध्येही थोडी तफावत पडेल. पण बारची लांबी खरी राहते.

४. माझं फीड खरे सौदे देतं की फोटो, हे तपासायचं कसं?

सगळ्यात गडबडीच्या पाच मिनिटांत, म्हणजे सहसा सत्र उघडल्यावर, एका सेकंदात किती अपडेट येतात ते मोजा. वेळ आणि भाव दाखवणारी सौद्यांची यादी असेल तर तीच उघडा. आकडा एका मर्यादेला चिकटून बसला असेल, दर सेकंदाला १ किंवा दर सेकंदाला ४, तर ते फोटो आहेत. खरे सौदे असे शिस्तीत येत नाहीत. एका सेकंदात ७० येतात आणि पुढच्या दोन सेकंदांत एकही नसतो.

दुसरी खूण अपडेट न मोजताही दिसते. टिक चार्टवर सकाळचा एक बार किती सेकंदांत होतो आणि दुपारचा किती, हे घड्याळ लावून पाहा. आपल्या शेअरमध्ये सकाळच्या १ लाख शेअरला १०० सेकंद लागतात आणि दुपारी १० मिनिटं. सहापट फरक आहे. सौद्यांचा वेगही साधारण त्याच प्रमाणात बदलायला हवा. तुमच्या टिक चार्टवर हा फरक जेमतेम सव्वापट, दीडपट असेल, तर तुम्ही सौदे मोजत नाही आहात.

तिसरी गोष्ट प्लॅटफॉर्मच्या मदत पानावर शोधा: जुना डेटा एक मिनिटाच्या कँडलमधून घेतात का? काही ठिकाणी चालू दिवसाचे टिक खरे असतात आणि मागच्या दिवसांचे बार मिनिटांच्या कँडल जोडून बनवलेले असतात. मग एकाच चार्टचे दोन भाग दोन वेगळ्या मापांचे असतात.

५. फीड खरं आहे. मग टिक लावू की व्हॉल्यूम?

माझं मत व्हॉल्यूमच्या बाजूने आहे. कारण सांगतो. कोणी ५,००० शेअरची एकच मार्केट ऑर्डर टाकली आणि समोर बारा छोट्या लिमिट ऑर्डर उभ्या असल्या, तर निर्णय एकाचा असला तरी सौदे होतात बारा. समोर एकच मोठी ऑर्डर असती तर सौदा एक झाला असता. टिकची संख्या अशी समोरच्या रांगेच्या तुकड्यांवर अवलंबून राहते. शिवाय हे बारा सौदे काही फीड बारा म्हणून देतात, काही एकत्र करून एक म्हणून. व्हॉल्यूम दोन्हीकडे ५,००० च.

टिक चार्टची बाजू घ्यायची तर एक गोष्ट त्याच्याकडे आहे. त्याच्या प्रत्येक बारमध्ये सौदे सारखे असल्यामुळे खालचा व्हॉल्यूम म्हणजे थेट सरासरी सौद्याचा आकार. आपल्या शेअरमध्ये सरासरी सौदा ५० शेअरचा आहे. २,००० टिकच्या बारखाली १ लाख हा नेहमीचा आकडा. तिथे अचानक २ लाख दिसले, तर सौदे दुप्पट मोठे झाले हे बोट न मोडता कळतं. पण मोठे खेळाडू ऑर्डरचे बारीक तुकडे करून टाकतात, म्हणून सौदा लहान दिसला म्हणजे खरेदीदार लहान, असं समजू नका.

६. बारचा आकार किती ठेवू? कोणी २३३ सांगतं, कोणी ५१२.

२३३ हा फिबोनाची क्रमातला आकडा आहे आणि ५१२ हा दोनाचा घात. दोन्हींचा तुमच्या शेअरशी काहीही संबंध नाही. दिवसाला १ लाख ४४ हजार सौदे होणाऱ्या आपल्या शेअरवर २३३ टिकचा चार्ट लावला तर सहाशेच्या वर बार होतील. सकाळी एकेक बार वाचून होईस्तोवर पुढचे दोन येऊन उभे राहतील.

उलट बाजूने हिशेब करा. दिवसाला किती बार तुम्हाला हाताळता येतात? पाच मिनिटांची सवय असेल तर आपल्या सहा तासांच्या सत्रात ७२. मग गेल्या २० सत्रांच्या व्हॉल्यूमचा मध्यक काढा आणि त्याला ७२ ने भागा. मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्यायचा. सरासरी घेऊ नका, कारण निकालाचा एक दिवस आला की ती फुगते. आपल्याकडे मध्यक ७२ लाख, उत्तर १ लाख. ९७,३०० असं काही आलं तर गोल करा, त्या अचूकतेला अर्थ नाही.

आकार महिन्यातून एकदा तपासला तरी पुरतो. चालू सत्रात बदलायचा नाही, नाहीतर आपण चार्टला आपल्या मनासारखं बोलायला लावतो.

७. व्हॉल्यूम बार लवकर बंद होतो, म्हणजे ब्रेकआउट लवकर मिळतो ना?

हो, आणि फसवा ब्रेकआउटही तितक्याच लवकर मिळतो. एक प्रसंग क्रमाने पाहू.

८४० ही सकाळपासूनची वरची पातळी. १० ते १०:०५ ही कँडल ८३८.५० ला उघडली. १०:०१:५० ला एक व्हॉल्यूम बार बंद झाला आणि तिथून खरेदी उसळली. या वेळी १ लाख शेअरला साधारण ६ मिनिटं लागतात. पुढचे चार बार असे आले. पहिला ५५ सेकंदांत, क्लोज ८४१.२०. दुसरा ४० सेकंदांत, क्लोज ८४२.६०. तिसरा ३५ सेकंदांत, त्याने ८४३.१० चा हाय लावला, पण क्लोज ८४१.०० ला. चौथा ५० सेकंदांत, क्लोज ८३९.२०. एकूण तीन मिनिटं, म्हणजे १०:०४:५० ला सगळं आटोपलं.

पाच मिनिटांच्या चार्टवर काय उरलं? एक कँडल, वर लांब विक, जवळजवळ उघडली तिथेच बंद. ‘कँडल पातळीच्या वर बंद झाली तरच घ्यायचं’ असा नियम असलेला माणूस यात शिरलाच नाही. व्हॉल्यूम बारवर तोच नियम पाळणाऱ्याने पहिल्या बारनंतर ८४१.२० च्या आसपास खरेदी केली. चौथ्या बारपर्यंत थांबला असता तर तो २ अंकांनी तोट्यात असता.

मग व्हॉल्यूम बारचा फायदा काय? तिसरा बार. दुसऱ्यात १ लाख शेअरनी भाव १.४० ने वर नेला. तिसऱ्यात तेवढेच शेअर, आणखी कमी वेळात, तरीही क्लोज १.६० ने खाली. घाई वाढली आणि वाटचाल थांबली, म्हणजे ८४३ च्या आसपास कोणीतरी मागेल त्याला माल पुरवत होतं. हे तिसरा बार बंद होताच दिसलं, १०:०४:०० ला. तिथे बाहेर पडणारा ०.२० च्या तोट्यावर सुटला. पाच मिनिटांच्या कँडलच्या पोटात हा क्रम दिसतच नाही. १०:०३:२५ ला, म्हणजे दुसरा बार बंद झाला त्या क्षणी, तीच कँडल भरभक्कम हिरवी दिसत होती.

म्हणून माझा नियम असा की व्हॉल्यूम बारवर आत शिरायला एक बार पुरत नाही, निदान दोन क्लोज पातळीच्या वर हवेत. बाहेर पडायला मात्र एक पुरतो. या प्रसंगात दोन क्लोजची अट लावली असती तर खरेदी ८४२.६० ला झाली असती आणि तिसऱ्या बारवर १.६० चा तोटा. म्हणजे अट लावूनही चटका बसला असता. ही अट फसव्या ब्रेकआउटची संख्या घटवते. प्रत्येक फसव्यातून वाचवत नाही.

८. व्हॉल्यूम चार्टखाली व्हॉल्यूमच्या सगळ्या पट्ट्या सारख्याच दिसतात. काही बिघडलंय का?

नाही. प्रत्येक बार १ लाखाचाच असल्यावर दुसरं काय दिसणार! ती पट्टी काढून टाका आणि तिच्या जागी बार व्हायला किती सेकंद लागले ते लावा. घड्याळाच्या चार्टवर वेळ ठरलेला आणि व्हॉल्यूम बदलता. इथे व्हॉल्यूम ठरलेला आणि वेळ बदलता. माहिती तीच, फक्त बाजू बदलली. प्रश्न ७ मधली ५५, ४०, ३५ ही घसरण या पट्टीवरच दिसते. ही पट्टी नसेल तर व्हॉल्यूम चार्ट अर्धाच आहे असं मी म्हणेन. १० मिनिटांचा बार आणि ३५ सेकंदांचा बार पडद्यावर सारख्याच रुंदीचे दिसतात.

९. माझी २० ची मूव्हिंग ॲव्हरेज आणि बाकीचे इंडिकेटर तसेच चालतील का?

सूत्र तेच चालतं, पण ते काय मोजतं ते बदलतं. पाच मिनिटांच्या चार्टवर २० ची ॲव्हरेज म्हणजे गेली १०० मिनिटं. आपल्या व्हॉल्यूम चार्टवर ती म्हणजे गेले २० लाख शेअर. सकाळी हे अर्ध्या तासाच्या थोडं पुढेच भरतात. दुपारी १२ ते २ मध्ये फक्त १२ बार होतात, त्यामुळे २ वाजता त्या ॲव्हरेजमध्ये जेवणाआधीचे ८ बार अजून बसलेले असतात. कुणाला हे हवंच असतं, कारण मंद वेळेत ॲव्हरेज उगाच भावाला चिकटत नाही. पण ‘गेल्या तासाभराचा कल’ असं वाचायची सवय असेल तर ती मोडावी लागेल.

एक फायदा सहसा कोणी सांगत नाही. सगळे बार सारख्या व्हॉल्यूमचे असल्यामुळे इथली साधी ॲव्हरेज ही आपोआपच गेल्या २० लाख शेअरच्या व्हॉल्यूम-भारित भावाच्या जवळ जाते. व्हीवॅप मात्र वेगळा मोजायची गरज नाही. तो मुळात सौद्यांवरून काढला असेल तर कोणत्याही चार्टवर तोच येतो. वेगळा आला तर प्लॅटफॉर्म तो बारच्या मधल्या भावावरून काढतो आहे असं समजा.

स्टॉपलॉससाठी एटीआर वापरत असाल तर जपून. घड्याळाच्या चार्टवरचा एटीआर आणि व्हॉल्यूम चार्टवरचा एटीआर हे दोन वेगळे आकडे आहेत. पहिल्यासाठी ठरवलेला गुणक दुसऱ्याला लावला की सकाळी स्टॉप फार जवळ पडतो. पाच मिनिटांच्या एका कँडलमध्ये सकाळी तीन व्हॉल्यूम बार असतात, आणि त्यांतल्या एकाचा पल्ला त्या कँडलपेक्षा बहुधा बराच कमी असतो.

१०. माझा आणि मित्राचा चार्ट जुळत नाही. शेअर तोच, आकार तोच. कोणाचा बरोबर?

बहुधा दोघांचाही. घड्याळाच्या कँडलला सगळ्यांनी मान्य केलेली सुरुवात असते, १० वाजता म्हणजे १० वाजता. व्हॉल्यूम बारला ती नसते. तुमचं मोजणं सत्राच्या पहिल्या सौद्यापासून सुरू झालं आणि त्याचं कालच्या उरलेल्या ४०,००० शेअरपासून, तर दिवसभराचा प्रत्येक बार दोघांकडे वेगळ्या ठिकाणी कापला जाईल. दोघांनीही ‘दर सत्राला नव्याने मोजा’ ही सेटिंग लावा. तरीही जुळला नाही तर फीड वेगळं आहे (प्रश्न ३).

याचाच त्रासदायक भाऊ म्हणजे रीलोड केल्यावर बदलणारा चार्ट. थेट चालू असताना बार फीडच्या अपडेटवरून बनतात. पान पुन्हा उघडलं की ते साठवलेल्या डेटावरून बनतात, आणि तो डेटा वेगळा असू शकतो. तपासायला सोपं आहे. दुपारी पडद्याचा फोटो घ्या, चार्ट पुन्हा उघडा, शेवटचे दहा क्लोज ताडून पाहा. न जुळणाऱ्या चार्टवर संध्याकाळी अभ्यास करू नका. ज्या बारवर तुम्ही सौदा केला तो तिथे नसतोच.

११. एकाच सौद्यात २ लाख ४० हजार शेअर आले तर १ लाखाच्या बारचं काय होतं?

दोन पद्धती आहेत. काही प्लॅटफॉर्म बार फोडत नाहीत: चालू बारमध्ये सगळा सौदा टाकतात, बार फुगतो आणि बंद होतो. काही फोडतात: चालू बार आधी नुकताच बंद झाला असेल तर या एका सौद्याचे दोन पूर्ण बार होतात आणि तिसऱ्यात ४०,००० जातात. फोडलेले बार ओळखायला सोपे. ओपन, हाय, लो, क्लोज चारही एकच आणि लागलेला वेळ शून्य. पडद्यावर ते आडव्या बारीक रेषांसारखे दिसतात आणि अनेक जण त्यांना ‘भाव स्थिरावला’ असं वाचतात. प्रत्यक्षात तिथे एक क्षणही गेलेला नसतो.

टिक चार्टवर हाच सौदा फक्त १ मोजला जातो, म्हणजे जवळजवळ अदृश्य. आधी ठरवून झालेले मोठे सौदे तुमच्या फीडमध्ये वेगळ्या खुणेने येत असतील तर ते बारमधून गाळलेलेच बरे.

१२. सत्र उघडतानाच्या लिलावाचा व्हॉल्यूम धरायचा का?

नाही. लिलावात जमलेल्या ऑर्डर एकाच भावाला निघतात, म्हणून प्रश्न ११ चाच प्रकार होतो, फक्त रोज. आकार ठरवताना (प्रश्न ६) दिवसाच्या एकूण व्हॉल्यूममधूनही उघडतानाचा आणि बंद होतानाचा लिलाव वजा करा.

१३. निकालाच्या दिवशी चौपट उलाढाल होते. त्या दिवशी आकार वाढवू का?

मी वाढवत नाही. चौपट उलाढालीला २८८ बार होतील, पडदा भरून जाईल, पण त्या दिवशी चौपट काही घडत असतं हेही खरंच. पेलवत नसेल तर शेजारी ४ लाखांचा दुसरा चार्ट उघडा आणि सत्र सुरू व्हायच्या आधी उघडा. भाव हातातून निसटल्यावर नको.

शेअरचं विभाजन झालं तर मात्र आकार बदलावाच लागतो. एकाचे पाच झाले की तेवढाच पैसा फिरवायला पाचपट शेअर लागतात, म्हणून १ लाखाचा बार ५ लाखांचा करा. हे विसरायची भीती असेल किंवा शेअरचा भाव वर्षभरात दुप्पट झाला असेल, तर शेअर न मोजता उलाढालीची रक्कम मोजणारे बार सोयीचे. भाव आणि संख्या यांचा गुणाकार विभाजनाने बदलत नाही.

१४. बॅकटेस्टमध्ये व्हॉल्यूम बार फारच छान दिसतात. विश्वास ठेवू?

आधी बार स्वतः बनवा. प्रत्येक सौद्याची वेळ, भाव आणि संख्या हाती असेल तर काम एवढंच आहे:

```python
def volume_bars(trades, size):
    bars, cur, vol = [], [], 0
    for t, price, qty in trades:
        cur.append((t, price))
        vol += qty
        if vol >= size:
            p = [x[1] for x in cur]
            bars.append((cur[0][0], t, p[0], max(p), min(p), p[-1], vol))
            cur, vol = [], 0
    return bars
```

यात बार फोडलेला नाही आणि दिवसाअखेरचा अपुरा बार टाकून दिला आहे. प्रत्येक सत्रासाठी हे वेगळं चालवा.

मग खरी परीक्षा. सत्राचे पहिले २५,००० शेअर सोडून मोजायला सुरुवात करा. पुन्हा ५०,००० सोडून, पुन्हा ७५,००० सोडून. बाजार तोच, भाव तेच, फक्त कापायची जागा सरकली. चारही वेळा निकाल साधारण सारखा आला तर पद्धतीत काही तथ्य असू शकेल. एकात भरघोस नफा आणि तिघांत तोटा असेल, तर तो नफा कापण्याच्या जागेचा होता. घड्याळाच्या कँडलवरही हीच परीक्षा घेता येते, पाच मिनिटांची कँडल १०:०० ऐवजी १०:०१ पासून मोजा. फार कमी लोक घेतात.

दुसरी चूक क्लोजच्या भावाला सौदा झाला असं धरण्याची. व्हॉल्यूम बार बंद होतो तोच मुळी कोणीतरी शेअर उचलल्यामुळे, आणि उसळीत तो भाव पुढच्या क्षणी मिळेलच असं नाही. पुढच्या काही सौद्यांनंतरचा भाव धरा. प्रश्न ७ मधल्या ३५ सेकंदांच्या बारमध्ये सेकंदाला अडीच हजारांहून जास्त शेअर जात होते.

१५. मग पाच मिनिटांची कँडल टाकूनच देऊ?

नको. कालचा हाय, पहिल्या अर्ध्या तासाचा पल्ला, ‘या वेळेला रोजच्या मानाने किती उलाढाल झाली’ ही तुलना, हे सगळं घड्याळावरच मोजलं जातं. त्या पातळ्यांवर बाकीचे लोकही घड्याळाचाच चार्ट बघून उभे असतात. मी डाव्या पडद्यावर पाच मिनिटांचा चार्ट ठेवतो, पातळ्या तिथे आखतो, आणि भाव पातळीजवळ आला की उजवीकडच्या व्हॉल्यूम बारकडे पाहतो. पातळी नसताना व्हॉल्यूम बारकडे पाहत बसलं की हात शिवशिवतात, आणि दलाली भरायचं काम तेवढं होतं.

१६. कमी उलाढालीच्या शेअरला हे चालेल?

ज्या शेअरमध्ये मिनिट मिनिट सौदाच होत नाही तिथे एक व्हॉल्यूम बार तासभर रेंगाळतो आणि एखादा मोठा सौदा त्याचा निकाल लावतो. तिथे घड्याळाचीच कँडल बरी. निदान काहीच घडत नाही हे ती दाखवते.

१७. मधेच व्यवहार थांबवला गेला तर अर्धवट बारचं काय?

तो उघडाच राहतो, आणि इथे सापळा आहे. समजा १ लाखापैकी ६०,००० शेअर ८४० च्या आसपास गेले आणि शेअरमधला व्यवहार थांबला. वीस मिनिटांनी तो ८०५ ला सुरू झाला आणि उरलेले ४०,००० तिथे गेले. व्हॉल्यूम चार्टवर ८४० ते ८०५ असा एक भलामोठा लाल बार दिसेल, जणू भाव एकेक पायरी उतरत गेला. मधल्या भावांना एकही सौदा झालेला नसतो. घड्याळाच्या चार्टवर तिथे सरळ गॅप दिसते. अशा बारच्या मधल्या पातळ्यांवर नंतर आधार किंवा विरोध शोधू नका, आणि पुढचे १४ बार एटीआर वापरू नका, कारण तो या एका बारने फुगलेला असतो. प्लॅटफॉर्ममध्ये सोय असेल तर व्यवहार पुन्हा सुरू होताच नवा बार उघडायला लावा. नसेल तर त्या दिवसापुरता चार्ट हाताने तिथून पुढे सुरू करा.